भाऊ लांबून छान दिसतात

वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येतो, ही बातमी आमच्या तालुक्यातल्या एकाही कार्यकर्त्यापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांच्या लेखी भाऊंचा वाढदिवस अचानक उद्भवतो, तोही आदल्या दिवशी संध्याकाळी, मी फ्लेक्सच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असताना. मग चार-पाच जण त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत येतात. त्यांचं सगळं ठरलेलं असतं. साइज वीस बाय दहा फूट, भाऊंच्या नावामागची विशेषणं, खालच्या शुभेच्छुकांची नावं, त्या नावांचा क्रम आणि त्या क्रमावरून कुणी कुणाशी बोलायचं नाही ते. फक्त भाऊंचा फोटो नसतो.

"फोटोचं काय?" मी विचारतो.

"पाठवलाय की व्हॉट्सॲपला. एकदम एचडी आहे."

मोबाइलवर भाऊ ओळखू आले की फोटो एचडी, अशी आमच्याकडे साधी व्यवस्था आहे. यंदाचा एचडी फोटो मी उघडला. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवलेला, त्याचा कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला. वर वेळ आणि मरायला टेकलेली बॅटरी, खाली Reply. मध्ये नवरदेव धरून पाच माणसं.

"यात भाऊ कोणते?"

पाचही कार्यकर्त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विरोधी गटाचा असल्याची त्यांची शंका फिटली.

"भाऊ ओळखू येत नाहीत तुम्हाला?"

"येतात हो. पण त्यांच्या कानावर पाहुण्यांचा हात आहे."

"मग काढा की हात. तुमचं कामच ते."

मूळ फोटो कुठं आहे, असं विचारलं तर तो काढणारा दुबईला गेल्याचं कळलं. दुसरा एखादा फोटो मागितला तर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "भाऊंना हाच आवडतो." या वाक्यापुढं आमच्या धंद्यात चर्चा नसते.

मी भाऊंना मोजलं. डोक्यापासून कमरेपर्यंत उंचीत चारशे पिक्सेल भरले. अध्यक्षांना आकडा पसंत पडला. "चारशे म्हणजे भरपूर झाले," ते म्हणाले. आता फ्लेक्सवर भाऊ आठ फुटांचे हवे होते. आठ फूट म्हणजे शहाण्णव इंच. चारशे पिक्सेल शहाण्णव इंचांवर पसरायचे म्हणजे एका इंचाच्या वाट्याला चार पिक्सेल आणि थोडं किडूकमिडूक. एकेक पिक्सेल ६ मिलिमीटरचा चौकोन होणार. भाऊंची बुबुळं म्हणजे असे पाच-सहा चौकोन, मिशी म्हणजे काळ्या चौकोनांची एक फारशी सरळ नसलेली रांग.

एवढ्यात मागं उभ्या असलेल्या एकानं फोन पुढं केला. पलीकडून भाऊंचा भाचा बोलत होता. हा पुण्यात कॉम्प्युटर शिकतो.

"काका, फाइल तीनशे डीपीआयला करा. प्रिंटिंगला तीनशे लागतात."

हे तीनशे काही खोटे नाहीत. पण ते हातात धरून वाचायच्या कागदाचे आहेत. मासिक आपण फूट-सव्वा फुटावरून वाचतो, आणि तेवढ्या अंतरावर इंचाला तीनशेपेक्षा जास्त ठिपके घातले तरी डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स तीनशेनं करायचा तर ती फाइल ७२,००० पिक्सेल रुंद आणि ३६,००० पिक्सेल उंच होईल. जेपीजीला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलपेक्षा जास्त झेपतच नाहीत, आणि छपाईच्या चार रंगांत ती फाइल दहा जीबीच्या वर जाईल. आमचा कॉम्प्युटर शुभेच्छुकांचे फोटो एका ओळीत आणतानाच धापा टाकतो.

तरी पाहुण्याचा मान ठेवावा लागतो. मी Image Size उघडलं, Resample ची खूण काढली आणि चौकटीत ३०० लिहिलं. सगळ्यांनी वाकून तो आकडा पाहिला. कुणीतरी त्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला. भाच्याचा अंगठा आला. आता फोटोत पिक्सेल होते तेवढेच होते. फक्त त्यांना दाटीवाटीनं बसायला सांगितल्यामुळे भाऊंची छापील उंची सव्वा-दीड इंच झाली होती. पण ती चौकट मी कुणाला वाचू दिली नाही.

मग मी खरा प्रश्न विचारला. "लावणार कुठं?"

हा प्रश्न आमच्याकडे गिऱ्हाइकाला नेहमी फालतू वाटतो. फ्लेक्स कुठं लावायचा ते आपण बघू, तुम्ही छापा. पण सगळी भिस्त तिथंच असते. आपल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक वस्तू सुटी ओळखता येत नाही. आमच्या मशीनवर बसणाऱ्या काकांनी हे शास्त्र तंबाखू मळत मळत सोपं करून दिलंय : दर १० फूट अंतराला १ मिलिमीटर. दहा फुटांवरून बघितलं तर मिलिमीटरचा ठिपका जेमतेम दिसतो, त्याहून बारीक असेल तर शेजारच्यात मिसळतो. आमचा चौकोन ६ मिलिमीटरचा. म्हणजे माणूस साठ-पासष्ट फूट मागं गेला की चौकोन विरघळतात आणि भाऊ तयार होतात.

"एसटी स्टँडसमोर, मेडिकलच्या गच्चीवर," अध्यक्ष म्हणाले. "वरच्या लोखंडी सांगाड्यावर."

मी मनातल्या मनात एसटीच्या फलाटापासून रस्ता ओलांडून गच्चीपर्यंत अंतर मोजलं. पासष्ट-सत्तर फूट सहज. भाऊ वाचले.

मात्र अंतरानं सगळंच झाकलं जात नाही. जेपीजी फोटो दाबताना त्याचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौरस पाडते, आणि जास्त दाबलं की त्या चौरसांच्या कडा उघड्या पडतात. आमचा फोटो स्टेटसला जाताना एकदा दाबला गेला होता, स्क्रीनशॉट होऊन इकडे येताना पुन्हा एकदा. भाऊंच्या उजव्या गालावर, जिथं सावली हळूहळू गडद व्हायला हवी, तिथं फरशी बसवल्यासारखे तुकडे होते. पिक्सेल ६ मिलिमीटरचा असला तरी हा तुकडा त्याच्या आठपट, म्हणजे जवळजवळ दोन इंचांचा. काकांच्या हिशेबानं तो दीडशे मीटरवरूनही दिसू शकतो. पिक्सेल दिसणार नाहीत आणि फरशी तेवढी दिसेल, अशी ही अडचण. म्हणून फोटो मोठा करायच्या आधी, तो लहान असतानाच ही फरशी उखडावी लागते. मोठा केल्यावर उखडायला गेलं तर प्रत्येक तुकडा आणखी ऐसपैस होऊन बसलेला असतो.

Reduce Noise मध्ये Remove JPEG Artifact अशी एक खूण आहे. ती केली आणि भाऊंचा गाल गुळगुळीत झाला. गालाबरोबर कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांखालची वर्तुळं गेली आणि मिशीतले केसही गेले. भाऊ दहा वर्षांनी लहान झाले.

"थांबा!" अध्यक्ष ओरडले. "हेच ठेवा. आता काही करू नका."

पण करावं लागतं. आमच्याकडे एक फूट म्हणजे एक इंच धरून फाइल बनवतात. वीस बाय दहा इंचांची, तीनशेनं. छापताना ती बारापट मोठी करायची. म्हणजे फ्लेक्सवर इंचाला पंचवीस पिक्सेल पडतात, आणि गच्चीवरच्या फ्लेक्सला ते रग्गड होतात. (भाच्याचे तीनशे इथं खरोखर वापरले जातात, हे मी त्याला सांगितलं नाही. पोरगं शेफारेल.) या हिशेबात भाऊ चारशेचे चोवीसशे पिक्सेल व्हायला हवेत, सहापट. Bicubic Smoother लावून ते केले. यानं नवा तपशील येत नाही, फक्त चौकोनांच्या पायऱ्या जाऊन उतार येतो. भाऊ आता चौकोनी राहिले नाहीत, धुक्यातले झाले.

धुक्यातून माणूस बाहेर काढायचा तो कडांनी. पाहणाऱ्याचा डोळा आधी कडा धरतो आणि बाकीचं समजून घेतो. म्हणून मी भाऊंना मोठं केल्यानंतर पेन टूलनं कापतो, आधी नाही. आधी कापलं तर कापाची कडसुद्धा सहापट मोठी होऊन धुरकट होते. नंतर कापलं तर खांद्याची, कानाची, केसांची रेघ ब्लेडनं कापल्यासारखी निघते. मग बारीक ब्रश घेऊन प्रत्येक डोळ्यात एक पांढरा ठिपका, वरच्या पापणीची रेघ, चष्म्याची काडी, मिशीची खालची कड, शर्टाची कॉलर. एवढं धारदार असलं की मधला गाल कितीही धूसर असो, माणूस म्हणतो फोटो काय क्लिअर आलाय. भाऊंचा कान मात्र पाहुण्यांच्या हाताखाली होता. मी दुसरा कान उचलून उलटा करून इकडे बसवला. या गोष्टीला बरेच महिने झाले, अजून घरच्यांच्याही लक्षात आलेलं नाही.

शर्टाचा प्रश्न उरला. लग्नात भाऊंनी फुलाफुलांचा शर्ट घातला होता आणि अध्यक्षांना पांढरा खादीचा कुडता हवा होता, हात जोडलेला. माझ्याकडे 'बॉडी' नावाचं फोल्डर आहे. त्यात बिनडोक्याची पन्नासेक माणसं हात जोडून, हात उंचावून, छातीवर हात ठेवून उभी आहेत आणि आपल्याला कुणाचं डोकं मिळतंय याची वाट बघतायत. त्यातलं एक भाऊंना दिलं. आता गंमत अशी की ही धडं चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेली. कुडत्याचा धागा न् धागा दिसत होता आणि वर भाऊंचं डोकं सकाळच्या धुक्यात. अशा वेळी डोकं सुधारता येत नाही, धड बिघडवावं लागतं. कुडता थोडा मऊ केला आणि मग सगळ्या भाऊंवर, डोक्यासकट धडावर, एकसारखा बारीक दाणा पसरला. अगदी थोडा, तीन टक्के. गुळगुळीत कातडी मोठी झाली की मेणाची वाटते. दाणा टाकला की डोळा त्यालाच तपशील समजतो आणि जोडही लपतो. शेवटी थोडं Unsharp Mask, चेहरा जरासा उजळ आणि काळं-पांढरं अधिक ठळक, कारण फ्लेक्सवर सावल्या बुडतात आणि लांबून पाहणाऱ्याला बारकाव्यापेक्षा उजेड-सावलीचा फरकच जास्त उपयोगी पडतो.

"आता बघा," मी म्हणालो.

पाचही जणांनी स्क्रीनला नाकं लावली. एकानं मॉनिटरच्या काचेवर दोन बोटं ठेवून भाऊ मोठे करायचा प्रयत्न केला. "ब्लर आहे," तो म्हणाला.

"इथून नाही बघायचं. बाहेर जा."

हा अपमान नव्हता. माझ्या स्क्रीनवर वीस फुटांचा फ्लेक्स वीस इंचांत बसतो, म्हणजे बारा पटींनी लहान. मग पासष्ट फुटांवरून तो जसा दिसेल तसा बघायचा तर स्क्रीनपासूनचं अंतरही बारा पटींनी कमी, साडेपाच फूट. माझं दुकान पाच फूट खोल. त्यामुळे खरी तपासणी पायरीवरून, गटाराच्या कडेला उभं राहून होते. पाचही जण एकमेकांना धरून तिथं उभे राहिले, डोळे बारीक केले आणि एकदम शांत झाले.

"भाऊच आहेत," अध्यक्ष म्हणाले. एकाचे डोळे भरून आले. गटाराचाही परिणाम असेल.

यानंतर वादळ यायला नको होतं, पण आलं. खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची पट्टी होती. एकेक गोल आठ इंचांचा. पोरांनी सेल्फी पाठवलेले. चेहरा चौकट भरून, कुणाचेच पिक्सेल आठशेच्या खाली नाहीत. आठ इंचांत आठशे म्हणजे इंचाला शंभर. माझ्या फाइलीत बसताना त्यांचेही पंचवीसच उरले, पण ते पंचवीस अस्सल होते. भाऊंच्या वाट्याचे पंचवीस चारांतून ओढूनताणून काढलेले.

"हे काय?" अध्यक्षांनी पायरीवरून आत येऊन विचारलं. "भाऊंपेक्षा कार्यकर्ते क्लिअर?"

मी समजावलं की फोटो जेवढा लहान छापाल तेवढा तो घट्ट दिसतो, यात पोरांचा काही डाव नाही. शिवाय पासष्ट फुटांवरून आठ इंचांचा चेहरा म्हणजे डोळ्याला उभे तीस-पस्तीस ठिपके; कोण कोणता ते आईलासुद्धा सांगता येणार नाही. हे ऐकून पोरं भडकली. आमचे फोटो दिसणारच नसतील तर वर्गणी कशाची घेतली? एका बाजूला निष्ठा, दुसऱ्या बाजूला वर्गणी. शेवटी ठराव झाला की पोरांना भाऊंइतकं ब्लर करावं. मी केलं. करताना प्रत्येक जण कानाशी येऊन हळूच म्हणत होता, "माझा राहू द्या तसाच."

रात्री काकांनी फ्लेक्स छापला. सव्वातीन मीटर रुंदीच्या मशीनवर दहा फूट विनाजोड निघतो, त्यामुळे भाऊंच्या मानेवर सांधा आला नाही, एवढं एक सुख.

सकाळी कळलं की मेडिकलच्या गच्चीवरचा सांगाडा आधीच गेलाय. तिथं रात्रीतून एका क्लासवाल्यांची गुणवंत मुलं चढली होती. मग कार्यकर्त्यांनी भाऊंना स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीशेजारी, रेलिंगला बांधलं. फ्लेक्सची खालची कड गुडघ्याला, आणि पाहणारे बाकड्यावर, दोन-तीन फुटांवर. एवढ्या जवळून पाव मिलिमीटरचा ठिपकासुद्धा सुटा दिसतो. भाऊंचा मूळ पिक्सेल त्याच्या वीस-पंचवीस पट. चहा पिणाऱ्यांना एक भव्य, तांबूस, प्रेमळ असं काहीतरी दिसत होतं. एक आजी हात जोडून गेल्या. कोणता देव ते त्यांनी विचारलं नाही. शुभेच्छुकांच्या पट्टीसमोर मात्र गर्दी. प्रत्येक जण आपापल्या गोलाशी वीतभर अंतरावर उभा राहून तक्रार करत होता की आपण ब्लर आहोत आणि शेजारचा नाही. शेजारचा खरोखर नव्हता. तो शेवटी आला होता आणि चहा घेऊन आला होता.

दहा वाजता भाऊ आले. मला बोलावणं गेलं. मी वाटेत पासष्ट फुटांचं भाषण तयार करत होतो. भाऊंनी फ्लेक्सकडे पाठ केली, मोबाइल उंच धरला आणि स्वतःसकट सेल्फी काढला. मोबाइल पोर्ट्रेट मोडवर होता, म्हणजे मागचं सगळं तो आपणहून धूसर करणार. फोटोत पुढचे भाऊ लखलखीत, मागचे भाऊ मऊसूत.

"व्वा," भाऊ म्हणाले. "कसला भारी इफेक्ट दिलाय."

बिल मात्र अजून बाकी आहे.

तेव्हा ज्यांचा वाढदिवस जवळ आला आहे आणि ज्यांचा कधी ना कधी येणार आहे, त्या सर्वांना हात जोडून (फोल्डरमधले नव्हे, स्वतःचे) विनंती : मोबाइल उभा धरून, सावलीत, कमरेपासून वर चौकट भरेल असा एक फोटो आजच काढून ठेवा. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं त्याची उंची चार हजार पिक्सेल भरते. तो आठ फूट केला तरी इंचाला चाळीसच्या वर पिक्सेल मिळतात आणि सात फुटांवरूनसुद्धा चेहरा स्वच्छ दिसतो, कान उसना आणावा लागत नाही. पाठवताना गॅलरीतून नेहमीसारखा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसा तो दाबला जात नाही. आणि फ्लेक्स लावणार कुठं, ते आधी नक्की करून मग शटरखालून आत या.